पंचावन्न किलोची सिस्टर

हे बायकोलाही सांगितलेलं नाही. एका बाईला वजन विचारायची मला लाज वाटली आणि मी ते मनानेच पंचावन्न किलो धरलं.

आळेफाट्याला माझं गॅरेज होतं. बिनलायसन्सच्या विजेच्या छोट्या स्कूटर तेव्हा नव्याने आल्या होत्या. मढ गावाकडच्या एका आरोग्य उपकेंद्राची नर्स, म्हणजे सिस्टर, गाडी घ्यायला आली. उपकेंद्र चढावर, आणि लशींची पेटी खांद्याला लावून रोज चढायचं म्हणजे गुडघे बोलायचे.

या गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते. गिअर नाही, त्यामुळे चढाला गाडी अडली तर खालचा गिअर टाकून सुटका नाही. मोटरमध्ये जेवढा जोर, तेवढाच चाकाला. म्हणून मी गवंडी लेव्हल बघतात ती पाण्याची नळी घेऊन चढ मोजून आलो. बारा फुटांना एक फूट. म्हणजे गाडी आणि माणूस मिळून जे वजन, त्याचा बारावा हिस्सा सतत मागे ओढणार. वर रस्त्याचं घासणं. गाडी साठ किलोची. राहिली सिस्टर.

"माझं किती धरलं, भाऊ?" तिनेच विचारलं.

"बरोबर धरलंय," मी पान्याकडे बघत म्हणालो.

दिवसभर बायाबापड्यांना काट्यावर उभं करणारी बाई ती. विचारलं असतं तर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं असतं. दिसत होती ऐंशीची. पेटीचं वजन तर मी धरलंच नाही. पंचावन्नला लहान मोटर काठावर पास झाली, तीच बसवली. मोठीला लायसन्स लागलं असतं, पण चढ जमला असता.

पहिल्याच आठवड्यात अर्ध्या चढाला मोटर घुमली, तापली, थांबली. गाडी मागे सरकली आणि सिस्टर पडली. पेटी मात्र तिने छातीशी धरलेली. टेम्पोत गाडी घालून ती आली. कोपर सोललेलं. गॅरेजात चार ट्रकवाले चहा पीत होते.

"चढाला दमच न्हाई हिला," ती म्हणाली.

विचारायला लाजलेला मी आता मोठ्याने बोललो, "सिस्टर, गाडीची काय चूक न्हाई. तुमचंच वजन लई व्हतंय."

"मंग मालवाहू द्या की राव!" एक ट्रकवाला म्हणाला. सगळे हसले. मीही.

ती हसली नाही. "बरं भाऊ," म्हणाली. हिशोबाचा कागद दाखव म्हणाली असती तर मी मेलोच असतो. पण तिने विश्वास ठेवला.

पुढे ती गाडी चढाखाली लावून पेटी घेऊन चालत जायची. तिने रात्रीची भाकरी सोडली, हे टेम्पोवाल्याकडून कळलं. मोठी मोटर माझ्या फळीवर धूळ खात होती. मग तिची बदली झाली.

चूक तिच्या वजनाची नव्हती, माझ्या आकड्याची होती. एवढं तिला चारचौघांत सांगायचं मी अजून देणं लागतो.