रुजू होण्याची तारीख

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढलेल्या ताईंनी नव्या कंपनीची ऑफर स्वीकारून राजीनामा दिला. निरोप समारंभही झाला. रुजू व्हायला चार दिवस उरले असताना तिथल्या भरती अधिकारी असलेल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, जॉइनिंग जरा पुढे गेलंय. बहुतेक दोन महिने."

ताईंनी जुन्या साहेबांना परत येण्याबद्दल विचारलं, तर ती जागा भरली होती.

"त्या मुलीला चांगलं खरमरीत लिही," लेक म्हणाली.

"तिच्या हातात काय आहे गं? तीही नोकरदारच," म्हणत ताईंनी साधंच लिहिलं: 'तुमच्या पत्रातल्या तारखेवर विसंबून मी राजीनामा दिला. ऑफर कायम आहे का आणि नवी तारीख कोणती, हे शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. त्या तारखेआधी रुजू होता येईल का, नाहीतर मधल्या काळासाठी काही भरपाई मिळेल का, तेही कळवावे.'

शुक्रवारी उत्तर आलं. ऑफर कायम होती, पण तारीख सांगता येत नव्हती. भरपाईबद्दल अवाक्षर नव्हतं.

दुसरीकडे अर्ज करायला ताईंनी बायोडेटा उघडला आणि जुन्या नोकरीपुढचं 'आजपर्यंत' पुसून शेवटच्या दिवसाची तारीख घातली.