आठाचा भाव आणि अडीचचा भाव

१९८७ साल. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि जळगाव स्टेशनावर टांगा हाकत होतो. रिक्षा आल्या होत्या. माणसं आधी रिक्षाकडे बघायची, मग घोडीकडे, आणि जायची रिक्षात. त्या वर्षीच्या थंडीत मी कंटाळून घोडीचा सौदा केला. पिंपळनेरचा एक व्यापारी पाचशे रुपये बयाणा देऊन गेला. रविवारी रात्रीपर्यंत बयाणा परत केला तर सौदा मोडेल, नाहीतर सोमवारी सकाळी घोडी त्याची, असं ठरलं. पैसे चाऱ्यात आणि चाकाच्या लोखंडी धावेत गेले, आणि मग माझं मन फिरलं. घोडी द्यायची नव्हती. खिशात शंभर रुपये होते.

सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत नाना बसायचे. मुंबईच्या शर्यतींवर पैसे घ्यायचे. हा धंदा चोरीचा, पण माणूस चोर नव्हता. रविवारी सकाळी ते प्रत्येक घोड्याचा भाव बोलायचे. आठाचा भाव म्हणजे शंभर लावले तर आठशे, वर आपले शंभर परत. सकाळी भाव धरला की तो पक्का, मग दुपारी मुंबईत वाढो की घटो. ज्या घोड्यावर लोक जास्त पैसा लावतील, त्याचा भाव घटायचा. नाही धरला, तर घोडे सुटतात तेव्हा तिथे जो भाव असेल तो मिळायचा. तो नानांना फोनवर कळायचा.

माझा घोडा ठरलेला होता. मोठ्या तबेल्याचा, आणि मुंबईच्या मोठ्या जॉकीने दुसरी स्वारी सोडून ही घेतलेली.

"आठ," नाना म्हणाले. "आज भाव धरी ले, भो. दुपारले घटी जाई."

"नको. सुटतानाचा द्या."

"अरे, मोठा जॉकी बसना शे. मुंबईना पैसा बठ्ठा त्यावरच येई."

"मग तुम्ही आठ काऊन देऊन ऱ्हायले?"

नाना हसले. "आपलं गाव बठ्ठं दुसऱ्या घोड्यावर लागेल शे. तो आला तर मी मरस. या घोड्यावर कोणी लावलं तर मना तोल राहस."

बाकावर बसलेला एक हमाल म्हणाला, "नाना, त्याले सांगू नका. मागच्या खेपेले त्याने भाव धरला होता ना!"

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. महिन्याभरापूर्वी मी एका लहान तबेल्याच्या घोड्याचा तीनचा भाव धरला. मुंबईत त्याला कुणी विचारलं नाही, भाव वाढत सातावर गेला, आणि घोडा पहिला आला. मला तीनच मिळाले. पंधरा दिवस स्टेशनावर मला 'तीनवाले आबा' म्हणत होते.

"ज्याच्यावर मागून पैसा येणार, त्याचा भाव धरायचा," नाना म्हणाले. "ज्याले कोणी विचारत नाही, त्याचा सोडायचा. मागे तू उलटं केलं. आज पुन्हा उलटं करू नको."

ते खरं बोलत होते. पण पैसे घेणारा माणूस लावणाऱ्याच्या फायद्याचं सांगेल, हे मी कुठे ऐकलं होतं? शाळा दुसरीपर्यंत, पण इतकी अक्कल होती. मी शंभराची नोट ठेवली. "सुटतानाचा."

दुपारी फोन वाजला. नानांनी ऐकलं, फोन ठेवला. "तुना घोडा उना. पहिला."

बाकावरच्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी विचारलं, "भाव?"

"अडीच."

अडीचशे आणि माझे शंभर, साडेतीनशे. नानांनी ते मोजून ठेवले, मग त्यावर आणखी दीडशे ठेवले.

"घोडी सोडवी ले. मंग दे."

त्यांना सौद्याचं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी वरचे दीडशे परत सरकवले.

"मी सुटतानाचा मागितला. सुटतानाचाच घेईन."

"बैलासारखा शे तू," नाना थकलेल्या आवाजात म्हणाले.

असेन. पण भाव चुकला म्हणून कुणाची दया घेऊन घोडी राखायची, तर ती घोडी माझी राहिली नसती. मी आजही तसंच म्हणतो. कोणाला पटो न पटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडीला नालबंदाकडे नेलं आणि पुढच्या डाव्या पायाचा सैल नाल काढून नवा ठोकून घेतला. मग व्यापाऱ्याच्या हातात दोर दिला. सैल नालाची घोडी मी विकली, असं पिंपळनेरात कुणी म्हणायला नको होतं.