कर्नलबाईंची गाडी मागच्या गेटला

हॉटेलातल्या खोल्या, चादरी, टॉवेल आणि ते धुणाऱ्या-घडी घालणाऱ्या सगळ्या बायका ज्यांच्या हुकमतीत, त्या सुपरवायझरबाईंना सगळे कर्नलबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, अर्थात. चादरीला एक सुरकुती दिसली की बाईंच्या कपाळावर चार उमटतात. नवरा बिचारा घरीसुद्धा पलंगावर बसायच्या आधी परवानगी काढतो, असं शेजारी बोललं जातं. तो हसतो, पण नाकारत नाही.

तर झालं असं. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा बस बंद झालेल्या असतात. म्हणून मॅनेजरसाहेबांनी बायकांसाठी घरपोच गाडी सुरू केली. साहेब भला माणूस. त्यांनी सूचना लिहिली, कर्नलबाईंनी ती दुपारच्या ब्रीफिंगला सगळ्या खात्यांतल्या बायकांना खड्या आवाजात वाचून दाखवली: शिफ्टनंतर वाहन पोर्चमध्ये उपलब्ध राहील, संबंधितांनी लाभ घ्यावा. आणि त्याच दमात, रोजच्यासारखं, पाहुण्यांच्या पोर्चमध्ये स्टाफपैकी कुणी दिसलं तर माझ्याशी गाठ आहे, हेही सुनावलं.

महिना होत आला तरी गाडीत एकही बाई बसली नाही. ड्रायव्हर पोर्चमध्ये झोप काढून रिकामा परत जाई. साहेबांना वाटलं, बायकांना नको असेल. शनिवारपासून गाडी बंद करू म्हणाले. कर्नलबाईंनाही राग आला. एवढी सोय केली तर यांचे नखरे!

त्याच दुपारी रेस्टॉरंटमधली हसरी, म्हणजे जी पाहुण्यांना टेबल दाखवते ती, चादरींच्या लिनन रूममध्ये कर्नलबाईंकडे आली. हसत नव्हती. नवऱ्याची शनिवारपासून रात्रपाळी लागली होती, त्यामुळे न्यायला कुणी येणार नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, सकाळची पाळी मिळव, नाहीतर घरी बस. सकाळच्या पाळीत जागा नव्हती. शनिवारपासून येणार नाही, एवढं सांगायला ती आली होती.

"अगं, गाडी आहे ना? बसत का नाहीस?" बाई कडाडल्या.

"रोज थांबते की मागच्या गेटला. येतच नाही, शेवटी नवऱ्याला बोलावते."

"मागच्या गेटला कशाला? पोर्चमध्ये असते ती."

"वाटलं, आम्हाला घ्यायला मागे येईल. पोर्चमध्ये पाय ठेवायचा नाही, हे तुम्हीच सांगता ना, बाई?"

कर्नलबाईंना त्यांचाच हुकूम कुणीतरी ऐकवला. ही बातमी कॅन्टीनमध्ये गाडीच्या बातमीपेक्षा जोरात पसरली. बाकीच्या बायकाही मागेच थांबत होत्या, म्हणे, आणि कागदावरची आणखी एक योजना समजून घोळक्याने चालू पडत होत्या. बाईंना विचारायची छाती कुणाची होती?

आता दुसरी कुणी असती तर सूचना लिहिणाऱ्यावर ढकलून मोकळी झाली असती. कर्नलबाई थेट साहेबांकडे गेल्या. चूक आपल्या दोघांची आहे, म्हणाल्या, आणि साहेबांनीही ते कबूल केलं. गाडी मागच्या, हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारच्या गेटला लागेल, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ब्रीफिंगला कागद आणलाच नाही, तोंडीच सांगितलं. गाडी मागच्या गेटला. पगारातून एक पैसा कापणार नाही. शेवटची बाई उतरेपर्यंत सिक्युरिटीतली बाई गाडीत असेल. बाई घराचं दार उघडून आत गेल्याशिवाय गाडी हलणार नाही. गाडीचा आणि ड्रायव्हरचा नंबर शिफ्ट सुटायच्या आधी फोनवर येईल. नंबर जुळला नाही तर बसायचं नाही, सिक्युरिटीला फोन करायचा. घराचे पत्ते बोर्डावर लागणार नाहीत. मग भांडी घासणाऱ्या मावशींना उभं केलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगा. मावशींनी सगळं सांगितलं, वर बाईंची नक्कलही केली. कर्नलबाईंनी ती चालवून घेतली!

हसरी म्हणाली, सासूबाईंना हे माझ्या तोंडून पटणार नाही. बाईंनी सगळ्यांसमोर फोन लावून स्पीकरवर टाकला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि पार्टी लांबली, काम वाढलं, तर गाडी निघून जाणार ना?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. थाप मारायला अर्धा क्षण पुरला असता.

"मला माहीत नाही," कर्नलबाई म्हणाल्या. "विचारून सांगते. फोन ठेवू नका, काकू."

त्या फोन हातात घेऊनच साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. मागून अख्खी शिफ्ट. साहेबांनी विचार करून सांगितलं, बाकीच्या वेळेवर निघतील, थांबलेल्यांसाठी गाडी परत येईल, आणि तीही बिघडली तर हॉटेल दुसरी करेल, सिक्युरिटीतल्या बाईसकट. कुणी आपलं आपण जायचं नाही. बाईंनी ते तिथेच सगळ्यांना मोठ्याने पुन्हा सांगितलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण पोचेपर्यंत मी जागी राहणार."

शनिवारी हसरी वेळेवर हजर झाली. केसांची क्लिप युनिफॉर्मच्या रंगाची नव्हती म्हणून कर्नलबाईंनी तिला दारातच झापलं.