आजीचा रुसवा

आमची आजी रुसण्यासाठी प्रसिद्ध होती. घर पाहुण्यांनी भरलेलं असलं तरी हातातला हार अर्धवट टाकून उठायची, ओला पंचा कपाळाला करकचून बांधायची आणि मागच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची. आत्याच्या हळदीतूनही ती अशीच उठून गेली होती. आत्याने ते कधीच विसरलं नाही. कारण विचारलं की, "माझं मला राहू द्या," एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे मुकाट्याने फुलं तोडायला हजर. दिंडोरी रोडला आमचा झेंडूचा आणि निशिगंधाचा मळा. आजी कामाला वाघ, पण स्वभावाने तिरसट, यावर सगळ्यांचं एकमत होतं. खरं सांगते, मलाही ती फारशी आवडत नव्हती.

माझं डोकं आठवीपासून दुखायचं. घरच्यांनी दोष मोबाइलला दिला, डॉक्टरांनी अर्धशिशी म्हटलं. दुखण्याआधी मला काय दिसतं, ते मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक वेडी म्हणतील, याची भीती वाटायची. एकोणिसाव्या वर्षी पाळी अनियमित म्हणून एका डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. पाकीट अजून फोडायचं होतं. त्या दुपारी मी आजीशेजारी पडवीत हार ओवत बसले होते, आणि सुईचं टोक दिसेनासं झालं. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला लखलख सुरू झाली. मी आधी एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. आजी माझ्याकडे बघत होती.

"दोन्ही डोळ्यांनी दिसतंय ना?" ती हळूच म्हणाली. "इळ्याच्या दातांवाणी?"

माझ्या हातून सुई पडली.

"आता ते सरकत सरकत कडंला जाईल. मग डोळं साफ होत्याल, अन् कानशील धरंल. चल, त्याच्या आत आडवी हो."

तिने मला मागच्या खोलीत नेलं. खिडकीवर गोणपाट टाकलं, निशिगंधाची पाटी पार अंगणात नेऊन ठेवली. त्या वासाने कसं मळमळतं, हे तिला सांगावं लागलं नाही. बोटांना मुंग्या आल्या, त्या ओठांपर्यंत चढल्या. अर्ध्या तासात सगळं तिने सांगितलं तसंच झालं. मी दोनदा ओकले. ती घमेलं धरून बसली होती.

संध्याकाळी मी उठले तेव्हा तिने सांगितलं. तिचंही असंच सुरू झालं होतं, शहाणी झाली त्याच वर्षी. लग्नानंतर तिने भाबडेपणाने सासूला त्या उजेडाचं सांगितलं. सासूला वाटलं, सुनेला बाहेरचं लागलंय. भगताने मिरच्यांची धुरी दिली, तीही डोकं ठणकत असताना.

"त्यानंतर बोललेच नाय," आजी म्हणाली. "भूत लागलेल्या बाईला माहेरी धाडत्यात. रुसक्या बाईला कोण नाय धाडत." मग म्हणाली, "आता म्हातारपणी नुसता उजेड येतो. दुखत नाय. पन येतो."

मी रडले. सहा वर्षं आम्ही एकाच घरात, एकाच दुखण्यात, दोघी एकेकट्या होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, आजीचंही. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे आधीच सांगायला हवं होतं, म्हणाल्या. असा उजेड दिसणाऱ्या बाईने त्या गोळ्या घेतल्या तर मेंदूत रक्ताची गाठ अडकण्याचा धोका वाढतो. त्यांनी त्या रद्द करून दुसरं औषध लिहिलं आणि डोकेदुखीसाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ठणका सुरू होताच घ्यायची गोळी तिथे मिळाली. आजीला हे सांगितलं, तर तिने ती गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि परत दिली. घरात सांगू का, मी विचारलं. "मी हाय तवर नको," म्हणाली. इतक्या वर्षांचा रुसवा मोडायला तिला लाज वाटत असावी.

दोन वर्षांनी आजी गेली. दहाव्याला पंगत उठल्यावर तिच्या रुसव्यांच्या गोष्टी निघाल्या. आत्याने हळदीची गोष्ट सांगितली, सगळे प्रेमाने हसले. मला ते सहन होईना. मी सांगून टाकलं. उजेड, मळमळ, धुरी, सगळं. खोलीतला साधा आवाजही कसा घणासारखा लागतो, तेही सांगितलं.

आत्या पदराला डोळे पुसत राहिली. माझे वडील सातपूरला कारखान्यात आहेत, घणाचे आवाज त्यांच्या रोजचेच.

"लहानपणी ती दार लावून बसली की मी बाहेर थाळी वाजवायचो," ते म्हणाले. "तिला हसू यावं म्हणून. आणि ती दार उघडून हसायची."