खालच्या रकान्यात गेलेली ओळ

ग्राहकाच्या ढीगभर मागण्यांतून नेमक्या निवडून काढणं हेच तिचं काम, म्हणून सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात तिचं नावच चाळणीताई पडलं होतं. या खेपेला ग्राहक होतं एक रुग्णालय. औषध देण्याच्या नोंदींची नवी संगणक प्रणाली, मागण्या त्रेचाळीस, हाताशी आठ आठवडे. आणि जो तो म्हणे, माझी मागणी आधी.

ताईने भिंतीवर चार रकाने आखले: हवंच, हवं, जमलं तर, या खेपेला नाही. प्रत्येक चिठ्ठीला तिचा एकच प्रश्न असे. हे नसेल, तर प्रणाली सुरू करणं थांबवाल का? थांबवणार असाल तरच ‘हवंच’. आणि या पहिल्या रकान्याला साठ टक्क्यांहून जास्त वेळ द्यायचा नाही, नाहीतर एक काम अडलं की सगळंच लटकतं.

दोन दिवस घासाघीस चालली. रुग्णालयाच्या मेट्रनबाईंना परिचारिकांच्या पाळ्यांचं वेळापत्रक हवं होतं. आपल्या सुट्टीचा निम्मा दिवस त्या ते हाताने लिहीत. पण ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच उचलून शेवटच्या रकान्यात लावली.

“माझं राहू दे. रुग्णाला न चालणारं औषध निघालं की येणारी ॲलर्जीची सूचना मात्र पहिल्या रकान्यातून हलायची नाही. शब्द देतेस?”

“दिला,” ताई म्हणाली.

चौथ्या दिवशी अंतिम यादी आली. ॲलर्जीची सूचना ‘जमलं तर’मध्ये, आणि रुग्णालयाच्या संचालकांचे रंगीत आलेख ‘हवंच’मध्ये. खाली तयार करणारी म्हणून ताईचं नाव. ताईच्या साहेबांनी संचालकांशी फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं.

याच साहेबांनी तिला बोट धरून हे काम शिकवलं होतं. ती केबिनमध्ये गेली, तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही.

“‘जमलं तर’ म्हणजे नाही, असं थोडंच आहे?”

वेळ कमी पडला की पहिली कुऱ्हाड याच रकान्यावर पडते, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीसमोर उभ्याउभ्या कळलं.

ती थेट रुग्णालयात गेली आणि सगळं सांगून टाकलं. मेट्रनबाईंनी यादी वाचली. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“नाव तर तुझंच आहे.”

त्याच दुपारी बाईंनी संचालकांना लेखी कळवलं, की ही सूचना नसेल तर एकही वॉर्ड नवी प्रणाली वापरणार नाही. आलेख मागे गेले, ओळ जागेवर आली. प्रणाली वेळेत सुरूही झाली. पण घरचं भांडण ग्राहकाच्या दारात नेलं म्हणून ताईला त्या कामावरून काढलं. मेट्रनबाई पुढे एकदाच भेटल्या, जिन्यात. त्या तिला ‘मॅडम’ म्हणाल्या.

महिन्याने साहेबांनी नवं काम देऊ केलं, जुन्याच मायेच्या आवाजात. ताईने मान डोलावली आणि म्हणाली, “सगळं लेखी द्या, सर.”