चांदीखालचा एक

विड्या वळून वळून माझी बोटं पिवळी झाली ती अजून तशीच हायती. मालक गिरणीत व्हते, गिरणी बंद पडली, मग मालक बी गेले. लेक ट्रकवर, टेंभुर्णीच्या नाक्यावरनं कवा वर जातो कवा खाली, घरी आला तर आला. तेव्हा सुनेनं म्होरच्या खोलीत पार्लर टाकलं. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीवर एका बाईचं चित्र. मी तितंच दाराशी बसून विड्या वळायचे. गिऱ्हाईक आलं की सूप उचलून आत जायचं. तंबाखूचा वास नको म्हणायची सून. त्या खुर्चीवर घर चाललंतं.

शुक्रवार पेठेतल्या बोळात बाया पार्लरला येतात त्या नावावर. एकीनं नाव ठेवलं की दुसरी येत न्हाय, एवढं मला कळतं.

सून केस सरळ करायची मलई एका होलसेलवाल्याकडनं आणायची. त्याचं दुकान गावातच. मागच्या वर्षी एक पिशवीवाला यायला लागला. मोटरसायकलवर दोन्हीकडं पिशव्या, दारोदार पार्लरात जायचा. त्याच कंपनीचा डबा, तसाच रंग, तसंच झाकण, आणि स्वस्त. मला तो मानूस पहिल्यापासनं पटला न्हाय. बोलताना आमच्याकडं बघायचा न्हाय, घराकडं बघायचा. सुनेनं त्याच्याकडनं एक डबा घेतला. मी म्हणलं, स्वस्त का देतो त्याला इचार. ती म्हणली, आत्या, तुमाला सगळ्यांचाच संशय येतो.

तिनं मला दाखवलं बी. डब्यावर काळ्या चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतंय, त्याच्यावर मोबाईल धरला. हिरवी बरोबरची खूण आली. बघा, खरा माल हाय म्हणती कंपनी, असं ती म्हणली. मी बघितलं. पण माझ्या मनात आलं, ते चित्र डब्यावरच छापलेलं. डब्यानंच सांगायचं मी खरा म्हणून, त्याला काय अर्थ. तो डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवला तिनं, होलसेलवाल्याच्या डब्याशेजारी. दोन डबे जुळ्यावानी दिसायचे.

मग ती पोरगी आली. आमच्याच बोळाच्या टोकाला राहती, तिचा साखरपुडा व्हता. घाईत व्हती. सुनेनं मलई लावली, इस्त्री फिरवली, केस रेशमासारखे झाले. पोरगी हसत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आली दारात. पोरीच्या डोक्याची कातडी लाल झालती, कानामागं फोड आलते.

ती बाई ओरडली न्हाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणली, डुप्लिकेट माल लावला माझ्या पोरीला. कुठला डबा वापरला तो दे. सुनेनं कपाटातला उघडा डबा काढून दिला. बाईनं तो पदराखाली घेतला आणि म्हणली, ह्यो माझ्याकडंच राहील.

दुपारपर्यंत बोळात सगळ्यांना ठावं झालं. दोन गिऱ्हाइकं यायची ती आली न्हाईत.

मी सुनेला इचारलं, पिशवीवाल्याचाच डबा दिलास ना? ती म्हणली, न्हाय आत्या, तो सीलबंद हाय अजून, बघा. मी वर बघितलं, एक डबा व्हता सीलबंद. पण तो कुठला आणि दिलेला कुठला, हे मला काय कळनार. जुळे म्हणलं ना मी. ती पाय ओढत गेली आणि खुर्चीवर बसली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर.

सुनेनं होलसेलवाल्याला फोन लावला. त्याचं बोलणं मोठ्यानं ऐकू येत व्हतं. तो म्हणला, ते ठिपक्यांचं चित्र बघू नका, ते कुणी बी छापतं आणि स्वतःचंच पान उघडून देतं. कंपनीच्या साइटवर जावा. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात येती तिच्यावर बी दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा. तितं माल तपासायचं पान हाय. डब्याच्या बाजूला चांदीची पट्टी असती, ती खरवडायची, खाली कोड असतो, तो टाकायचा. आणि बॅच नंबर तितं दिसंल तो डब्याच्या बुडाशी छापलेल्याशी जुळतोय का ते बघायचं. आमच्याकडचा डबा असंल तर जुळंल.

चांदीची पट्टी म्हणजे आधी फोनची रिचार्ज कार्डं खरवडायची तसली. आता डबा कुठं व्हता? त्या बाईच्या पदराखाली.

मी गेले तिच्या घरी. सूनबाईला दारात उभं केलं नसतं तिनं, मला केलं. मी सांगितलं, ह्या पट्टीखाली खरंखोटं कळतंय. डबा तुझ्याच हातात राहू दे, मला नको. आकडा तेवढा दे. पोरगी मोबाईल घेऊन डॉक्टरकडं गेलती, बाईकडं नुसता बटणाचा फोन, फोटो कसा काढनार. बाईनं बांगडीनं चांदी खरवडली. किराणाच्या पुडीचा कागद घेतला आणि लिहून दिलं. दोन इंग्रजी अक्षरं आणि बाकीचे आकडे. देताना म्हणली, माल खोटा निघाला तर मी गप बसनार न्हाय मावशी. मी म्हणलं, नको बसू.

घरी आले. सुनेनं पत्ता टाइप केला, साइट उघडली, माल तपासायचं पान काढलं. कागद शेजारी ठेवून एकेक आकडा दाबला. बराच वेळ मोबाईलवर चाक फिरत राहिलं. मग लाल अक्षरं आली. ती तोंडातल्या तोंडात वाचायला लागली आणि थांबली. मी म्हणलं, मोठ्यानं वाच. 'हा कोड आमच्या नोंदीत नाही. कृपया पुन्हा तपासून भरा.' तिनं परत भरला. परत तेच.

मी विड्यांचं सूप बाजूला सारलं. म्हणलं, "खोटं बोलू नको. पिशवीवाल्याचाच डबा व्हता."

"आत्या, तुमच्या पायाची आन."

"पायाची आन नको घालू. कोड काय म्हणतोय बघ."

ती रडली न्हाय. माझ्यासारखीच हाय त्या बाबतीत. कागद घेतला, चप्पल घातली आणि म्हणली, चला, त्यांच्या समोरच भरते. मला वाटलं, आता हिचं नाव पुरतं जातंय. तरी गेले मागनं. सासू मागं राहिली तर बोळ काय म्हणंल.

बाईच्या घरात पोरगी बसली व्हती, केसाला ओढणी गुंडाळलेली. सून उभ्यानंच म्हणली, ताई, डबा तुमच्याच हातात धरा आणि तुमीच वाचा, मी भरते. बाईनं चष्मा लावला, डबा दिव्याकडं धरला.

"के. एम," ती म्हणली. "एक. दोन. शून्य..."

सून थांबली. "एक?"

"एकच हाय की. मी लिवून दिलंय."

सुनेनं कागद पुढं केला. त्यात के आणि एम इंग्रजीत, दोन, तीन, शून्य हे आकडे मराठीत काय, इंग्रजीत काय, तसेच दिसत्यात. पण बाईनं एक लिवलाता आपला मराठी शाळेतला एक, गोल डोक्याचा, खाली शेपूट सोडलेला. सुनेनं इंग्रजी शाळा केली, तिनं तो नऊ वाचला. दोन ठिकाणी. दोन्ही ठिकाणी नऊच दाबला.

पोरगी ओढणीतनं हसली. "आये, तुझा एक बघून माझ्या मास्तरांनी बी नऊच वाचला असता."

"मला शाळेत असाच शिकवला," बाई म्हणली. तिला ते आवडलं न्हाय.

परत भरला. ह्या वेळी चाक थोडंच फिरलं. हिरव्या अक्षरात आलं, उत्पादन खरं हाय, हा कोड पहिल्यांदाच तपासला जातोय. खाली बॅच नंबर आणि बनवल्याचा महिना. बाईनं डबा उलटा केला, बुडाशी बघितलं, एकेक अक्षर बोटानं जुळवलं. जुळलं. तरी तिनं मोबाईल हातात घेऊन वरचा पत्ता सुनेला वाचायला लावला, आणि पोरीला म्हणली, तू बी बघ. तिचा बी संशय माझ्यासारखाच.

मग बाई म्हणली, माल खरा हाय, मग माझ्या पोरीचं डोकं का भाजलं?

सुनेला गप बसता आलं असतं. ती म्हणली, "कानामागं थोडी लावून एक दिवस थांबायचं असतंय. मी थांबवलं न्हाय हिला. साखरपुड्याची घाई व्हती, पण म्या थांबवायला पाहिजे व्हतं."

पोरगी म्हणली, "मीच म्हणलं व्हतं लावा लवकर."

बाईनं डबा सुनेच्या हातात दिला. "बोळात इचारलं तर माल खरा हाय म्हणून सांगीन. बाकीचं बी सांगीन."

"सांगा," सून म्हणली.

घरात शिरल्यावर तिनं सरळ वरच्या फळीवरचा पिशवीवाल्याचा डबा काढला, माझ्या म्होरं ठेवला. म्हणली, आत्या, खरवडा. माझ्या अंगठ्याच्या नखानं मी चांदी खरवडली. पट्टी धड व्हती, कुणी हात लावला नव्हता. आकडे तिनं डब्यावरनंच वाचले, कागद न्हाय मधी. कंपनीच्या त्याच पानावर भरले. लिहून आलं, हा कोड ह्याआधी लई वेळा तपासला गेलाय, नक्कल असू शकती. आणि बॅच नंबर दाखवला तो बुडाशी छापलेल्याशी जुळत नव्हता. एकाच खऱ्या डब्याचा कोड किती डब्यांवर छापला असंल कुणाला ठावं. चांदी मात्र सगळ्यांवर नवीकोरी.

ह्याच डब्यानं मोबाईलवर हिरवी खूण दाखवलती.

मग मी सील तोडलं. लेबल नखानं सोलून काढलं, तुकडे केले, झाकणावर वरवंटा मारला, म्हंजे रिकामं झाकण बी कुणाच्या कामी येऊ नये. मलई राखेत कालवून टाकली. सून बघत उभी व्हती.

दोन आठवड्यांनी पिशवीवाला आला. दारात मोटरसायकल लावली. मी सूप मांडीवर घेऊन बसलेली. तो म्हणला, ताई हायत का? मी म्हणलं, हायत. एक डबा काढ, हितं बसून कंपनीच्या साइटवर कोड भरू. तो म्हणला, मावशी, ह्या बोळात रेंज न्हाय. सून आतनं मोबाईल घेऊन आली आणि म्हणली, रेंज भरपूर हाय. त्यानं गाडी वळवली.

पोरीच्या लग्नाला त्या बाईनं बोलावलं न्हाय. पण लग्नाच्या आधी तिनं पोरीला आमच्याकडंच पाठवलं. पोरगी आली, खुर्चीवर बसायच्या आधी कान पुढं केला, आणि म्हणली, कानामागं लावा, मी उद्या येते. जाताना दारात थांबून तिनं मला इचारलं, आजी, डबा उलटा करून बघितलात का? मी म्हणलं, सकाळीच.