बंद पाकिटातली चिठ्ठी

कडुबा सोनवणे बावीस वर्षं कंपनीची बस चालवत होते. मुकुंदवाडीतून पहाटे निघायचं, ठरलेल्या थांब्यांवर कामगार घ्यायचे आणि सातच्या आत चिकलठाण्याच्या गेटमधून आत शिरायचं. गाव कन्नडजवळचं. शेती भावाकडं. त्यांना स्वतःचं म्हणून जे काही वाटायचं, ते त्या बसचं स्टेअरिंग.

गेल्या जानेवारीत कंपनीच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक नऊ निघाली. वाहतूक विभागाचे केशवराव म्हणाले, "कडुबा, पुढच्या जानेवारीत आठच्या खाली पाहिजे. नाहीतर बस काढून घ्यावी लागंल. माझ्या हातात नाही."

तेव्हापासून मुलीनं कंबर कसली. अपेक्षा एका लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसायची. साखरेचे आकडे तिला तोंडपाठ. आधीच्या गोळ्या पुरेनात म्हणून जूनमध्ये ती बापाला डॉक्टर अमृता यांच्याकडं घेऊन गेली. शेजारच्या खुर्चीवर बसली. फाईल तिच्याच मांडीवर.

"ही नवीन गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. पाणी भरपूर प्या. आणि..." त्यांनी एकदा अपेक्षाकडं पाहिलं. "स्वच्छता ठेवा."

कडुबांना ते थोडं लागलं. ते रोज दोनदा अंघोळ करणारे. पण त्यांनी मान डोलावली.

गोळी लागू पडली. सप्टेंबरात आकडा सात पूर्णांक चारवर आला. अपेक्षानं लॅबमधूनच फोन केला. कडुबांनी बस धुतली, नवा हार घातला.

तोवर दुसरं दुखणं मागं लागलं होतं. जुलैत लघवीच्या जागी पहिल्यांदा खाज सुटली. लाली आली, कातडीखाली दह्यासारखं पांढरं धरायला लागलं. त्यांना वाटलं, रेक्झिनच्या सीटचं काम. दिवसभर घाम, पँट जाड टेरिकॉटची. त्यांनी औषधी साबणानं चार-चार वेळा धुतलं. जास्तच चरचरायला लागलं.

शेवटी ते सत्यमच्या मेडिकलात गेले. साखरेच्या गोळ्याही तिथूनच घ्यायचे.

"काका, कुठं लावायची?"

"जांघंत."

"ड्रायव्हर लोकांना हे असतंच. सीट गरम, डोकं गरम." सत्यम हसला. त्यानं एक ट्यूब काढून साखरेच्या गोळ्यांच्या पट्टीवर ठेवली आणि दोन्हींचं एकच बिल केलं.

ट्यूबनं दोन दिवसांत खाज थांबली. महिन्यानं परत सुटली. परत ट्यूब. ऑक्टोबरात परत. ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. बायकोनं, आशाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "पंख्याचा वारा लागतो तिथं."

बसमधून उतरणं नकोसं झालं, म्हणून त्यांनी पाणी कमी केलं. लघवी तासनतास दाबून धरायची. वाटेत जायची वेळ आली तर आडोसा असायचा, पाणी नसायचं.

मधल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही त्रास?"

"काही नाही मॅडम," अपेक्षा म्हणाली. "साखर बघा ना किती छान आली."

कडुबा हसले. पोरीसमोर काय सांगणार. आणि सांगितलं तर गोळी बंद, गोळी बंद तर आकडा वर, आकडा वर तर बस गेली. त्यांचा हिशोब इतका सरळ होता.

नोव्हेंबरात कातडी चिरली. मग इतकी आवळली की मागं सरकेना. लघवी थेंबथेंब. एका पहाटे त्यांनी बस जालना रोडच्या कडेला थांबवली आणि रस्त्याखाली उतरून दहा मिनिटं दात आवळून उभे राहिले. वर बसमधून कुणीतरी ओरडलं, "कडुबाभाऊ, आख्खी टाकी रिकामी करताव का?" सगळी बस हसली.

त्या दुपारी ते एकटेच दवाखान्यात गेले. भिंतीकडं बघत सगळं सांगितलं.

डॉक्टर अमृतांनी पेन खाली ठेवलं.

"किती वेळा झालं?"

"चार."

"ट्यूब कोणती?"

त्यांनी खिशातून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली.

"यात स्टेरॉईड पण आहे. खाज दबते, बुरशी आत वाढत राहते. लघवीत साखर उतरते, बुरशीला तेच खाद्य. म्हणून लघवीनंतर दर वेळी साध्या पाण्यानं धुवायचं, साबण नाही. टिपून कोरडं करायचं. सुती, सैल कपडे. एवढ्यानं पुष्कळांना काही होत नाही, वर्षानुवर्षं गोळी घेतात. पहिल्यांदा झालं तेव्हाच आला असता तर बुरशीची साधी क्रीम दिली असती, फार तर एक गोळी. साखरेची गोळीही चालू ठेवली असती. पण उपचार करूनही परत परत यायला लागलं, की ती बदलायची. तुमचं तर चौथ्यांदा, वर कातडी आवळलेली. आजच बंद करू. दुसरी देते."

"तुम्ही तर नुसतं स्वच्छता म्हणला होतात."

"तुमची मुलगी बसली होती," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी सर्जनकडं पाठवलं. सर्जननं तपासलं आणि सांगितलं, कातडीवर व्रण धरलेत, ती काढावी लागेल.

"म्हंजी सुंता?"

"तेच. तुमच्या वयाचे बरेच जण येतात. साखरवाले."

कडुबांना बसमधले चाळीस चेहरे दिसले. गावाकडचा पार दिसला. डिसेंबरात ऑपरेशन झालं. घरी, कंपनीत, सगळीकडं त्यांनी हर्निया सांगितलं. अपेक्षानं डिस्चार्जचा कागद फाईलला लावला. लावताना वाचलाच असणार. त्या दिवसापासून दवाखान्यात ती बाहेरच्या बाकावर बसायला लागली.

जानेवारीत आकडा आला. आठ पूर्णांक तीन.

डॉक्टर अमृतांनी स्वतःहून चिठ्ठी लिहिली. गोळीमुळं वारंवार बुरशी झाली, ऑपरेशन करावं लागलं, औषध बदललं आहे, तीन महिने मुदत द्यावी. "हे दाखवा," त्या म्हणाल्या. "सहसा ऐकतात."

"पाकीट चिकटवून द्या," कडुबा म्हणाले.

"बाबा, मी येऊ का सोबत?" अपेक्षानं निघताना विचारलं.

"नको."

केशवरावांच्या खोलीत सहा ड्रायव्हर बसले होते. फिटनेसचाच दिवस. केशवरावांनी आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"पॉइंट तीननं गेलं रे. डॉक्टरची काही चिठ्ठी असंल तर वर पाठवतो. कारण लागतं."

"हाये."

"दे. निशा, वाच गं, माझ्या चष्म्याचं काही खरं नाही. आणि रजिस्टरला उतरून घे."

टायपिंग करणारी निशा उठली. तिनं हात पुढं केला. पोरगी अपेक्षाएवढीच. मागून कारभारी ड्रायव्हर म्हणाला, "हर्नियाचं काय वाचायचं त्याच्यात? आम्ही सांगतो की, लई जड उचलत व्हता म्हणून."

सगळे हसले. कडुबाही हसले.

"घरीच राहिली वाटतं," ते खिसा चाचपत म्हणाले.

"उद्या आण," केशवराव म्हणाले. "पण आज यादी जाते वर."

"जाऊ द्या मग."

त्यांनी बसची चावी टेबलावर ठेवली. एक तारखेपासून गेटवर. पगार थोडा कमी, खुर्ची सावलीत.

घरी आले तेव्हा अपेक्षा दारातच होती.

"दिली चिठ्ठी?"

"दिली. नाय ऐकलं त्यांनी."

"मी जाऊन बोलते ना."

"नको म्हणलं ना."

तिची नजर त्यांच्या शर्टाच्या खिशावर होती. पाकिटाचा कोपरा वर आला होता. चिकटवलेला, न उघडलेला. कडुबांनी ते पाहिलं. तिनंही पाहिलं, की त्यांनी पाहिलं.

"हातपाय धुवा," ती म्हणाली. "आईनं पानं घेतलीत."